शोधप्रबंधाचे मार्गदर्शक बदलून मिळण्याबाबत विनंतीपत्र

दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. विभागप्रमुख,
शिक्षणशास्त्र विभाग

विषय : पीएच.डी. शोधप्रबंधासाठी मार्गदर्शक बदलून मिळणेबाबत

माननीय महोदया,

मी आपल्या विभागात ऑगस्ट २०२२ पासून पीएच.डी.साठी नोंदणीकृत संशोधक विद्यार्थिनी आहे. रोजच्या ठरावीक वाचन-तासाचा प्राथमिक शाळेतील मुलांच्या वाचनाच्या ओघावर काय परिणाम होतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय. सध्याच्या मार्गदर्शकांकडून गेले पंधरा महिने मार्गदर्शन जवळजवळ मिळालेले नाही. म्हणून मला मार्गदर्शक बदलून मिळावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लिहायला मी बराच उशीर केला. तक्रार करणारी विद्यार्थिनी अशी ओळख होईल याची भीती वाटत होती, आणि सरांबद्दल मनात आदरही आहे.

पहिल्या वर्षी सरांनी मला खरोखर वेळ दिला, हे आधी नमूद करते. विषय नेमका करणे, संशोधन आराखडा बांधणे, मंजुरीच्या सादरीकरणाची तयारी या सगळ्यात त्यांचा मोठा वाटा होता. मे २०२३ मध्ये आराखडा मंजूर झाला. त्यानंतर सरांकडे प्रशासकीय जबाबदारी आली आणि भेटी विरळ होत गेल्या. नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात आमच्या दोनच भेटी झाल्या : १२ मार्च आणि ९ ऑक्टोबर २०२४. दुसरी भेट सर बैठकीला निघाले असताना दारात उभ्या उभ्या झाली. साहित्य आढाव्याचे प्रकरण मी १८ जून २०२४ रोजी पाठवले होते. चार स्मरणपत्रांनंतर नोव्हेंबरमध्ये ते परत आले, तेव्हा ६२ पानांत मिळून तीन शेरे होते. दोन शुद्धलेखनाचे होते आणि तिसरा होता, ‘ठीक आहे, पुढे जा.’

पण केवळ उत्तरे उशिरा येतात एवढ्यावर मी हे पत्र लिहिले नसते. पुढे जे घडले त्यामुळे प्रबंधच अडचणीत आला आहे, आणि तो प्रसंग सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

माझ्या अभ्यासात २४ शाळा आहेत. त्यांपैकी १२ शाळांत रोज वाचन-तास होतो, १२ शाळांत होत नाही. प्रत्येक शाळेतून ३० मुले घेतली आहेत, म्हणजे एकूण ७२०. माहिती गोळा करायला सुरुवात करण्याआधी, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, मी सरांना दोन पानी टिपण पाठवून विचारले होते : एकाच शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात, मग त्यांना स्वतंत्र नोंदी मानून चालेल का? मुले कमी घेऊन शाळा वाढवाव्यात का? फोनवर ‘सुरू करा, नंतर बघू’ एवढेच उत्तर मिळाले. मी सुरू केले. पाच महिने एकेका मुलाला समोर बसवून, हातात स्टॉपवॉच धरून, एक मिनिट उतारा वाचून घेतला. बरोबर वाचलेला शब्द मोजायचा, अडखळला तिथे खूण करायची. सगळ्या ७२० नोंदी मी स्वतः घेतल्या आहेत आणि प्रत्येकीचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे.

२१ जानेवारी २०२५ च्या प्रगती सादरीकरणात सल्लागार समितीतील एका सदस्यांनी नेमका तोच प्रश्न मला विचारला. त्या रात्री मी हिशेब मांडला. माझ्या माहितीत मुलांमधल्या एकूण फरकापैकी सुमारे १५ टक्के फरक शाळाशाळांमधला आहे. नमुना-आराखड्याचा परिणाम काढण्याचे नेहमीचे सूत्र, म्हणजे १ + (३० − १) × ०.१५, लावले की ५.३५ येतात, आणि एकूण नोंदींना या आकड्याने भागावे लागते. याचा अर्थ वाचन-तासाच्या तुलनेसाठी माझ्या ७२० नोंदींचे वजन साधारण १३५ स्वतंत्र नोंदींइतकेच आहे. मी केलेली साधी टी-चाचणी त्यामुळे टिकत नाही. चौथ्या प्रकरणातले निष्कर्ष बहुस्तरीय विश्लेषण करून नव्याने मांडावे लागतील. काही निष्कर्ष कदाचित उरणारही नाहीत.

चूक माझीही आहे. उत्तर मिळाले नाही तेव्हा मी दुसऱ्या कुणाला विचारायला हवे होते. तरीही विद्यार्थ्याने वेळेवर, लेखी विचारलेला पद्धतीविषयीचा प्रश्न चौदा महिने अनुत्तरित राहावा, हे मला योग्य वाटत नाही. त्या वेळी अर्ध्या तासाची चर्चा झाली असती, तर मी १५-१५ मुले घेऊन ४८ शाळांत जाऊ शकले असते. मुलांची संख्या तेवढीच राहिली असती आणि तुलनेला कितीतरी अधिक बळ आले असते. आता ते वर्ष शाळांना पुन्हा मागता येणार नाही.

सादरीकरणानंतर मी सरांना भेटीची वेळ मागितली आणि ६ फेब्रुवारी रोजी माझी अडचण समोरासमोर सांगितली. संख्यात्मक विश्लेषण हा आपला मुख्य विषय नाही आणि सध्या वेळही काढता येत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मी विभागाकडे अर्ज करणार आहे हे त्यांना माहीत आहे आणि या पत्राची प्रत मी त्यांनाही देत आहे. त्यांच्या नकळत काही करावे, असे मला वाटत नव्हते.

माझी विनंती अशी की, विभागात संख्यात्मक संशोधनपद्धती शिकवणाऱ्या सहयोगी प्राध्यापिकांकडे माझे मार्गदर्शन सोपवावे. त्यांच्याकडे एका विद्यार्थ्याची जागा रिक्त आहे. विभागाची संमती असल्यास त्या तयार आहेत, असे त्यांनी मला तोंडी सांगितले आहे. विषय, आराखडा आणि गोळा केलेली माहिती तीच राहील. पूर्ण बदल नियमात बसत नसेल, तर निदान त्यांची सहमार्गदर्शक म्हणून नेमणूक व्हावी आणि प्रकरणांवरील अभिप्रायाची जबाबदारी लेखी स्वरूपात त्यांच्याकडे असावी. नुसते ‘यापुढे नियमित भेटू’ असे आश्वासन मात्र मला पुरेसे वाटत नाही. तसे ऑक्टोबरमध्येही ठरले होते.

आणखी दोन गोष्टी. आराखड्याच्या टप्प्यावर सरांसोबत लिहिलेल्या लेखाचे सहलेखकत्व आहे तसेच राहावे, कारण त्यात त्यांचे काम आहे. दुसरे, माझ्या शिष्यवृत्तीच्या सहामाही अहवालावर मार्गदर्शकांची सही लागते आणि पुढचा अहवाल ३१ मार्चला द्यायचा आहे. निर्णय त्याआधी व्हावा, किंवा तोपर्यंत सहीचा अधिकार आपण स्वतःकडे घ्यावा.

सोबत ३ नोव्हेंबर २०२३ चे टिपण, पाठवलेल्या ईमेलांच्या तारीखवार प्रती, शेऱ्यांसह परत आलेले प्रकरण आणि २१ जानेवारीच्या सादरीकरणातील समितीचा अभिप्राय जोडला आहे. हे पत्र विभागीय समितीपुरतेच मर्यादित ठेवावे, ही विनंती. समितीपुढे बोलावल्यास मी कोणत्याही दिवशी हजर राहीन. सर उपस्थित असले तरी माझी हरकत नाही.

आपली विश्वासू,
संशोधक विद्यार्थिनी, पीएच.डी. (तिसरे वर्ष)
शिक्षणशास्त्र विभाग

प्रत माहितीसाठी : सध्याचे मार्गदर्शक