रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद (१९८०): निवाड्याचा सारांश

एलएल.बी. अभ्यासगट, जळगाव. सर्वोच्च न्यायालय, २९ जुलै १९८०. न्या. कृष्णा अय्यर आणि न्या. चिनप्पा रेड्डी. एआयआर १९८० एससी १६२२.

मूळ निवाडा वाचायला जड आहे. कृष्णा अय्यरांची इंग्रजी अलंकारिक, एकेक वाक्य परिच्छेदभर लांब. पण त्यातला वाद गटारीचा आहे आणि खान्देशातल्या कुठल्याही नगरपालिकेच्या वॉर्डात राहणाऱ्याला तो लगेच कळेल.

तथ्ये

रतलाम शहरातल्या न्यू रोड भागात उघड्या गटारी, साचलेले पाणी आणि डास होते. संडास नसल्याने झोपडपट्टीतले लोक रस्त्याकडेलाच बसत. त्यात मद्यार्क कारखान्याचे घाण पाणी तिथेच वाहत येई. रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्याकडे, दाद मागितली. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला सहा महिन्यांत योजना आखून उपद्रव दूर करायला सांगितले. सत्र न्यायालयाने तो आदेश रद्द केला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला, म्हणून नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली.

नगरपालिकेचे दोन बचाव लक्षात ठेवा. पहिला, तिजोरीत पैसा नाही. दुसरा, इथे घाण आहे हे माहीत असूनच हे लोक राहायला आले, मग आता तक्रार कसली? दुसरा बचाव मला जास्त खटकतो. गरीब माणूस जागा निवडत नाही, परवडेल तिथे राहतो.

वादमुद्दा

कायद्याने नेमून दिलेले सार्वजनिक आरोग्याचे काम नगरपालिकेने केले नाही, तर कलम १३३ खाली दंडाधिकारी तिला ते ठरावीक मुदतीत करायला भाग पाडू शकतात का? आणि पैसा नाही, हा त्यावर पुरेसा बचाव ठरतो का?

निर्णय

भाग पाडू शकतात. पैसा नसल्याचा बचाव चालणार नाही. अपील फेटाळले. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशात थोडे बदल करून न्यायालयाने स्वतःचे निर्देश दिले: कारखान्याचे सांडपाणी रस्त्यावर येऊ देऊ नका, स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळे पुरेसे सार्वजनिक संडास बांधा, तिथे पाणी द्या, सकाळ-संध्याकाळ सफाई करा, डासांचा बंदोबस्त करा. या सगळ्याला मुदत घालून दिली.

कारणमीमांसा

पाया कायद्याच्या शब्दांतच आहे. मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१ च्या कलम १२३ ने गटारी आणि सफाई हे नगरपालिकेचे कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य कायद्याने लादले की ते पाळायचे की नाही, हा पर्याय उरत नाही. ज्या संस्थेची निर्मितीच लोकांच्या आरोग्यासाठी झाली, तिला तिजोरीचे कारण सांगून त्याच कामातून अंग काढून घेता येणार नाही. शालीनता आणि माणसाची प्रतिष्ठा यांवर तडजोड नाही, आणि स्थानिक संस्थेच्या पैशावर पहिला हक्क त्यांचाच, असे न्यायालय म्हणते. माझ्या मते निवाड्याचा गाभा हाच.

मग कलम १३३ कडे या. त्यात दंडाधिकारी आदेश देऊ शकतात, अशी भाषा आहे. यावर न्यायालयाचे म्हणणे असे की हा अधिकार लोकांसाठी दिलेला आहे. उपद्रव सिद्ध झाला की तो वापरणे मर्जीचा प्रश्न राहत नाही, कर्तव्य होते. आदेश मोडल्यास भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा आहेच, म्हणून हा आदेश पोकळ नाही.

संविधानाचा धागा कलम ४७ चा: सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य. मार्गदर्शक तत्त्वांची थेट अंमलबजावणी न्यायालयातून होत नाही, हे आपण पहिल्या वर्षीच शिकतो. पण ते तत्त्व एखाद्या कायद्यात उतरले असेल, तर न्यायालय तो कायदा राबवू शकते. परीक्षेत इथेच गफलत होते. नगरपालिकेवर बंधन कलम ४७ ने आणले असे लिहू नका. बंधन अधिनियमाने आणले, कलम ४७ ने त्याचा अर्थ लावायला बळ दिले.

उघड्यावर बसणाऱ्या लोकांना न्यायालयाने दोषी धरलेले नाही, हेही नोंदवा. निसर्गाची हाक कोणाला थांबवता येत नाही, संडास न देणारी व्यवस्थाच त्यांना त्या अवस्थेत ढकलते, असा तो विचार आहे.

आजची कलमे

१ जुलै २०२४ पासून कलम १३३ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे, आणि कलम १८८ च्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २२३. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांची कर्तव्ये १९६५ च्या अधिनियमात आहेत, त्यामुळे अमळनेर किंवा शहाद्याचे उदाहरण घेऊन उत्तर लिहिताना मध्य प्रदेशचे कलम १२३ लावू नका.