अंगवळणी
घोंगडीवरील लघुपटाची संकल्पना (संहितेआधीचा मसुदा)

प्रति,
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
घोंगडी विणकर सहकारी संस्था, जि. कोल्हापूर

दि. १२ जुलै

सप्रेम नमस्कार.

२८ जूनच्या बैठकीत आपण मागितलेली एका पानाची संकल्पना पाठवत आहे. यात एकही संवाद किंवा निवेदनाची ओळ लिहिलेली नाही. ते काम आपला होकार आल्यावर. फिल्म कशाबद्दल असावी, कशी वाटावी, तुमच्या हाती काय पडेल आणि कशाची जबाबदारी आमच्यावर नसेल, एवढ्यावर आधी एकमत व्हावं, ही विनंती.

मूळ कल्पना

बैठकीत तुमच्या विक्री विभागाच्या ताईंनी सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. प्रदर्शनात गिऱ्हाईक येतं, हात लावतं, "टोचतं हो" म्हणतं आणि पुढे जातं. त्यावर तुमची सूचना होती की फिल्ममध्ये घोंगडी मऊ, उबदार दिसावी.

माझं मत वेगळं आहे. नवी घोंगडी टोचतेच, आणि ते आपण पहिल्याच मिनिटात सांगून टाकावं. लोकर दख्खनी मेंढीची, जाड आणि राठ. त्यात ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळे मागावरून उतरताना ती पुठ्ठ्यासारखी ताठ असते. वापरात खळ झिजते, धागा मोकळा होतो आणि घोंगडी अंगाला सरावते. त्याच दिवशी कारखान्याच्या ओट्यावर बसलेल्या एका आजोबांच्या खांद्यावरची घोंगडी मी हातात घेतली होती. बावीस वर्षांची होती, कडेला दोन ठिकाणी रफू केलेली. गालाला लावली, टोचली नाही. शेजारी मागावर आदल्या रात्री पुरी झालेली नवी घोंगडी पडली होती. दोन्हींची लोकर तीच, वीण तीच. मधे फक्त बावीस वर्षांचा पाऊस, रान आणि अंगाची ऊब.

फिल्म या दोन घोंगड्यांच्या मधे घडते, आणि उलटी जाते. सुरुवात आजोबांच्या खांद्यावर. तिथून यात्रेतल्या गर्दीत, मग मागावर, मग खळीच्या कुंच्याकडे, पिंजणाकडे, चरख्यावर सूत काढणाऱ्या बायकांकडे, आणि शेवटी कातरणी होत असलेल्या मेंढीकडे. शेवटच्या दृश्यात कातरलेली लोकर जमिनीवर पडते. त्या लोकरीची घोंगडी अजून कुणाच्याच खांद्यावर नाही. नाव 'अंगवळणी' सुचवते आहे.

सूर आणि संदर्भ

बासरी, सूर्योदय, हळू आवाजातला "आपला वारसा" हा साचा नको. तो पाहिला की माणूस हळहळतो, विकत घेत नाही. शिवाय त्यात कारागीर नेहमी बिचारा दिसतो. तुमचे विणकर बिचारे नाहीत, ते कसबी आहेत.

लयीसाठी एक संदर्भ जरूर पाहा: डच दिग्दर्शक बर्ट हान्स्ट्रा यांचा १९५८ चा 'ग्लास' हा काच कारागिरांवरचा लघुपट. त्यात निवेदन नाही. हात, श्वास आणि संगीत यांच्या ठेक्यावर सगळं उभं आहे. आपल्याला तिथलं जॅझ घ्यायचं नाही, विश्वास घ्यायचा आहे की हात दाखवले तर समजावून सांगावं लागत नाही. आपला ठेका मागाचाच असेल: पावडीचा दाब, धोट्याची सरक, फणीचा ठोका. त्यावर धनगरी ढोल एकदाच, यात्रेच्या प्रसंगात. ओवी तिथल्याच गजीमंडळाची प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित करू, स्टुडिओतली नको.

रंगांचंही असंच. संपूर्ण फिल्म काळ्या, करड्या, तपकिरी लोकरीच्या रंगात राहील. पिवळा रंग एकदाच दिसेल: पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत उधळलेला भंडारा काळ्या घोंगडीवर पडतो तेव्हा. माग खड्ड्यात असल्याने विणकराच्या हातावर दारातून येणारा उजेडच पडतो. तिथे आम्ही मोठे दिवे लावणार नाही, तो उजेडच तिथला खरा आहे.

बोलणं कमी. जे असेल ते कोल्हापुरी बोलीत, जसं येईल तसं. जावळाच्या घोंगडीबद्दल, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीबद्दल, एका विणकर काकांनी त्या दिवशी जे सांगितलं ते मी लिहून घेतलेलं नाही. ते त्यांनी कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच म्हटल्यासारखं म्हणावं, म्हणून पुन्हा विचारायचं टाळते आहे.

तुमच्या हाती काय पडेल

मुख्य फिल्म ६ ते ७ मिनिटांची, मराठी, सोबत हिंदी आणि इंग्रजी उपशीर्षकांच्या वेगळ्या प्रती. प्रदर्शनाच्या स्टॉलवर आवाज बंद ठेवूनही चालेल अशी ६० सेकंदांची प्रत, जी माझ्या मते तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. मोबाइलसाठी ३० ते ४० सेकंदांच्या तीन उभ्या क्लिप: खळ, माग आणि "नवी घोंगडी कशी वापरावी". २५ निवडक छायाचित्रं. सगळं फोर-के मूळ प्रतीसह एका हार्ड डिस्कवर. न वापरलेलं चित्रीकरणही त्यातच देऊ, संस्थेच्या संग्रहासाठी.

कामाची व्याप्ती

चित्रीकरण पाच दिवस, दोन टप्प्यांत. तीन दिवस मागावर, सप्टेंबरमध्ये. दोन दिवस यात्रेत, दसरा-दिवाळीच्या दरम्यान. कातरणीचा प्रसंग मेंढपाळांच्या सोयीने सप्टेंबरच्या दिवसांत बसवू. पाऊस लांबला तर एक दिवस राखीव. आमची माणसं चार. संकलन सहा आठवडे.

बदलांच्या फेऱ्या दोन: पहिली कच्च्या संकलनावर, दुसरी ध्वनी आणि रंग झाल्यावर. संचालक मंडळाचं म्हणणं एकाच व्यक्तीमार्फत, लेखी यावं. सात जणांच्या सात सूचना वेगवेगळ्या आल्या की फिल्मची घडी मोडते.

यात नाही: ड्रोन, कलाकार, वेबसाइट, समाजमाध्यमांवरील जाहिरातींचा खर्च, पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणं. शेवटची गोष्ट आपण आग्रहाने मागितली होती. तिची वेगळी चित्रफीत करून देऊ शकतो, पण या फिल्ममध्ये ती घेणार नाही.

एका गोष्टीवर तडजोड करणार नाही. चित्रीकरणाच्या दिवशी ज्याचा माग थांबेल त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी मिळेल, आणि सूत काढणाऱ्या बायकांनाही. ही रक्कम अंदाजपत्रकात धरली आहे. प्रत्येकाची लेखी संमती मराठीत, वाचून दाखवून घेऊ.

खर्च ₹३,४०,००० अधिक जीएसटी. ४० टक्के होकारासोबत, ४० टक्के चित्रीकरण संपल्यावर, २० टक्के अंतिम प्रत दिल्यावर. संहिता होकारानंतर तीन आठवड्यांत.

यात्रेचे दिवस आपल्यासाठी थांबणार नाहीत, म्हणून ३१ जुलैपर्यंत कळवावं. त्याआधी संचालक मंडळाला ती बावीस वर्षांची घोंगडी आणि एक नवी घोंगडी शेजारी ठेवून हात लावायला सांगावं, एवढी विनंती. आजोबांना मी विचारून ठेवलं आहे, ते आणून देतील.

आपली,
दिग्दर्शिका
(चित्रीकरण गटाच्या वतीने)