परिषदेत भेटलेल्या वैशाली मॅडमना लिंक्डइनवर

कनेक्शनच्या विनंतीसोबत, रविवार, सकाळी ११:१०

नमस्कार वैशाली मॅडम. काल नाशिकच्या द्राक्ष परिषदेत चहाच्या वेळी बोललो होतो, मी पिंपळगावच्या पॅकहाउसचा अमोल. पानावरची ओल मोजून केवडा या बुरशीच्या रोगाचा इशारा देणाऱ्या तुमच्या यंत्राबद्दल निफाडच्या काकांनी तुम्हाला विचारलं होतं, "यंत्र बांधावर, केवडा मांडवात, मग त्याला आतलं दव कसं कळायचं?" वेळ संपली आणि उत्तर राहिलं. आज पहाटे एका बागेत जाऊन पाहिलं. दिसलं ते कळवतो.

विनंती स्वीकारल्यावरचा निरोप, रविवार, रात्री ८:३५

मॅडम, धन्यवाद. थोडक्यात लिहितो.

बाग थॉमसनची, ओझरच्या पुढे. छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली, म्हणजे आता फुलोरा तोंडावर आलाय. पश्चिमेला शेजाऱ्याचा ऊस, त्यामुळे त्या बाजूने वारा येत नाही. ठिबक रात्री सुरू होतं.

साडेसहापासून दर अर्ध्या तासाने कोरडा टिश्यू पेपर पानावर दाबून बघितला. बांधाकडच्या पहिल्या ओळीतलं बाहेरचं पान आठच्या सुमाराला कोरडं झालं. तिसऱ्या-चौथ्या ओळीत, मांडवाच्या आतलं, घडाशेजारचं पान नऊ वाजून गेल्यावरही कागद ओला करत होतं. घड तर पानापेक्षाही उशिरा सुकला, कारण कळ्यांच्या दाटीत पाणी अडकून राहतं. तुमच्या स्लाइडवरच्या फोटोत यंत्र बांधाच्या खांबावर होतं, म्हणून ही तफावत कळवावीशी वाटली.

एकाच बागेतलं, एकाच सकाळचं हे निरीक्षण आहे, त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढता येणार नाही. पण काकांचा प्रश्न रास्त होता एवढं नक्की. तुमचं व्याख्यान मला मनापासून आवडलं, विशेषतः पाऊस न पडताही फक्त दवावर केवडा कसा वाढतो तो भाग. आमच्याकडे अजून पुष्कळ जण पावसाचीच वाट बघत फवारणी ठरवतात.

उत्तराची घाई नाही.

अमोल

वैशाली मॅडमचं उत्तर, सोमवार, दुपारी १:२०

अमोल सर, टिश्यू पेपरची युक्ती मी आमच्या टीमला आजच दाखवली! यंत्र बांधावर बसवायचं कारण साधं आहे: ट्रॅक्टर आणि ब्लोअर जाताना आतला खांब मोडतो, आणि फवाऱ्याचा थर सेन्सरवर बसतो. मग बांधाच्या आकड्यात तास-दीड तास मिळवला तर चालेल का? दुसरं, परदेशी मॉडेलचे इशारे इथल्या शेतकऱ्यांना पटत नाहीत असं तुम्ही चहाच्या वेळी म्हणालात, ते नीट ऐकायचं राहिलं. आणि तुमचं पॅकहाउस नेमकं काय काम करतं?

अमोलचं उत्तर, सोमवार, रात्री ९:५०

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, ते लवकर उरकेल. आम्ही बागायतदारांकडून माल घेतो, थंड करतो, पॅक करतो, कंटेनर भरतो. मी बागांवर फिरतो आणि काढणीआधी नमुने तपासणीला पाठवतो.

तास-दीड तास मिळवून भागेल असं मला वाटत नाही, कारण हा फरक हंगामभर सारखा राहत नाही. पोंगा फुटतो तेव्हा मांडव उघडा असतो, आत आणि बाहेर दव जवळजवळ एकाच वेळी सुकतं. पाच-सहा पानांपर्यंतही फार फरक पडत नाही. फांद्या वाढून मांडव झाकला की मात्र आतली हवा वेगळी होते. त्यातही ज्याने फेलफुटी वेळेवर काढून विरळणी केली त्याच्या बागेत नऊला ऊन घडापर्यंत पोचतं, आणि ज्याला मजूर मिळाले नाहीत त्याच्याकडे दहापर्यंत अंधारच. शेजारी दोन बागा, एकच छाटणी, तरी दव सारखं नाही. म्हणून मिळवायचंच असेल तर छाटणीची तारीख आणि विरळणी झाली की नाही, एवढं शेतकऱ्याकडून विचारून घ्या आणि त्यावर मिळवा. तो ते दोन मिनिटांत सांगेल.

खांब मोडण्याची अडचण खरी आहे. पण सेन्सरला स्वतंत्र खांब कशाला? मांडवाचे अँगल आणि तारा आहेतच. तिसऱ्या ओळीत वेलीच्या रेषेतच, घडाच्या उंचीला तारेवर बांधला तर ट्रॅक्टर त्याला लागणार नाही, कारण ट्रॅक्टर दोन ओळींच्या मधून जातो. फवाऱ्याचा थर बसेल, ते टळणार नाही. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसायचं काम बागेतल्या माणसाला सांगितलं तर तो करतो, फक्त का पुसायचं ते त्याला समजावून द्यायला हवं. एखादं यंत्र बांधावर आणि एखादं आत, असं एकाच बागेत हंगामभर ठेवलंत तर तुमच्याकडे स्वतःचे आकडे येतील आणि माझ्या टिश्यू पेपरवर विसंबायला नको.

आता परदेशी मॉडेलचं. तुम्ही दाखवलेला तो दहा-दहा-दहाचा नियम, म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस, दहा अंश तापमान आणि दहा सेंटिमीटरची फूट, तो थंड देशांत का चालतो हे तुम्हाला मी सांगायला नको. तिकडे वेल हिवाळ्यात झोपतो, बुरशी गळलेल्या पानांत दडून राहते आणि वसंतात पहिली लागण कधी होईल एवढंच ओळखायचं असतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, आणि मधला सगळा पावसाळा हिरवी काडी मांडवावर. शिवाय सगळ्या जिल्ह्याची छाटणी एकदम होत नाही. सटाणा, देवळा, कळवणकडे अगाप छाटणी पावसाळ्यातच उरकते. निफाड-दिंडोरीत पोंगा फुटतो तेव्हा तिकडे मणी धरलेले असतात. गावातल्या गावातही पंधरा-वीस दिवसांचा फेर असतो. म्हणजे बुरशीला कुठे ना कुठे कोवळं पान कायम मिळतं. इथे पहिली लागण शोधत बसण्यात अर्थ नाही. रोग शिवारात आहेच असं धरून आज रात्री त्याला किती वेळ ओल मिळाली, एवढंच मोजायला हवं. काका म्हणत होते त्याचा मथितार्थ हाच आहे.

इशारे न पटण्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते परिषदेत कुणीच बोललं नाही. "आज फवारणी करा" हा निरोप सकाळी आला आणि रात्री पाऊस होऊन गेलेला असेल तर काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घालता येत नाही. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पाऊस थांबेचना, तेव्हा माणसं खांद्यावर पंप घेऊन चिखलातून फवारत होती. औषध घरात होतं, काय मारायचं ते माहीत होतं, फक्त बागेत शिरता येत नव्हतं. फुलोऱ्यातल्या बागांचे घड त्यात कुजले, मणी गळले. अशा माणसाला लागण झाल्यावरचा इशारा कितीही अचूक दिला तरी त्याचा उपयोग नाही. त्याला आदल्या दुपारी कळायला हवं, थोडं कमी खात्रीने कळलं तरी चालेल. तुमच्या मॉडेलमध्ये अचूकता आणि वेळ यांत निवड करायची असेल तर वेळ निवडा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मात्र उगाच दिलेला इशाराही महाग पडतो, फक्त पैशांत नाही. युरोपला जाणाऱ्या मालात प्रत्येक जादा फवारणी उर्वरित अंशाच्या अहवालात दिसू शकते. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. ते बुरशीनाशक नव्हतं, वाढ रोखणारं संजीवक होतं, पण तेव्हापासून इथला निर्यातदार शेतकरी फवारणीची वही जपून ठेवतो. म्हणून इशाऱ्यासोबत "काल रात्री घडाजवळ सात तास ओल होती" असं कारण द्या. कारण दिसलं की तो स्वतः बागेत जाऊन पान उलटून बघतो, खाली पांढरी बुरशी आहे का, वर तेलकट डाग आहे का. ते बघून त्याने फवारणी टाळली तरी तुमचं यंत्र कामाला आलं असंच मी म्हणेन.

काकांशी आज फोनवर बोललो. तुमच्याशी बोलायला ते तयार आहेत. त्यांच्याकडे गेल्या कित्येक हंगामांच्या वह्या आहेत, त्यात छाटणी, पाऊस, फवारणी आणि केवडा पहिल्यांदा कुठल्या ओळीत दिसला ते लिहिलेलं असतं. त्यांच्या म्हणण्यानुसार तो बहुतेक वेळा उसाच्या बाजूलाच दिसतो. वह्या बाहेर द्यायला मात्र ते तयार नाहीत, तिथे बसून बघाव्या लागतील.

अमोल

वैशाली मॅडमचं उत्तर, मंगळवार, सकाळी ८:०५

सर, दोनदा वाचलं. मी आणि माझा एक सहकारी पुढच्या आठवड्यात येतो. दोन सेन्सर सोबत आणतो, एक बांधावर आणि एक आत तारेवर. काकांना चालेल का? आणि किती वाजता पोचायला हवं?

अमोलचं उत्तर, मंगळवार, सकाळी ८:४०

चालेल, विचारून घेतलं. गुरुवार सोयीचा आहे, बुधवारी त्यांच्याकडे विरळणीचे मजूर आहेत. दव बघायचं तर सहाला बागेत हवं, म्हणून पुण्याहून आदल्या दिवशी निघा आणि नाशिकलाच मुक्काम करा. सकाळी आग्रा रोडने दहाव्या मैलापर्यंत या, मी उड्डाणपुलाखाली थांबतो, पुढे रस्ता शिवारातला आहे. ठिबकची ओल असते, गमबूट आणा. वह्या बघायला नाश्त्यानंतर बसू. काकूंनी जेवूनच जायला सांगितलं आहे, तेव्हा परतीची वेळ दुपारनंतरची धरा.