वर्षभराच्या लेबलांच्या कामाचा प्रस्ताव

दिनांक: 12 जानेवारी 2026
कुडाळ

वैशालीताई, नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "लेबल बघून गिऱ्हाईक आता बाटली हातात घेता." ते ऐकून बरं वाटलं. आगळाच्या त्या लेबलानं आपल्या दोघांनाही घाम फोडला होता. पहिल्या नमुन्यावर बाटलीच्या तोंडाचा ओघळ आला आणि दोन दिवसांत तारखेची ओळ लाल झाली. शेवटी कागद सोडून पीपी स्टिकर घेतला, वर मॅट लॅमिनेशन केलं, तेव्हा कुठे ते टिकलं. सहा लेबलांचं ते काम जुलैत संपलं, 18,000 रुपये तुम्ही वेळेवर दिलेत, आणि कागदोपत्री आपला व्यवहार तिथे पुरा झाला.

पण काम काही संपलं नाही. मी काल मोबाइल चाळून मोजलं, तर जुलैनंतर तुम्ही अकरा वेळा काही ना काही सांगितलंय: फोन नंबर बदलला, 500 मिलीची बाटली 750 झाली, मालवणच्या प्रदर्शनाचा बॅनर, दिवाळीचं व्हॉट्सॲपला टाकायचं चित्र. त्यातल्या पाच कामांचे पैसे मी लावले, सहांचे लावले नाहीत, कारण एका ओळीच्या बदलाचं बिल पाठवायला मलाच कसंसं होतं. आणि तुम्हाला फोन करायला कसंसं होतं, हेही मला ऑक्टोबरात कळलं.

मसाल्याचा भाव तुम्ही 180 वरून 200 केलात. भाव वाढवताना जुन्या लेबलावर वरून स्टिकर चिकटवायला नियमात परवानगी नाही, हे तुमच्या लक्षात होतं, म्हणून पाचशे लेबलं नवी छापून घेतलीत. ते बरोबरच. "एवढ्याशासाठी निखिलला कशाला त्रास" म्हणून फाइल थेट प्रेसवाल्याला दिलीत. त्यानं सांगितल्याप्रमाणे एमआरपी बदलली. पण तिच्याखाली बारीक अक्षरांत दर ग्रॅमचा भाव असतो, तो 0.90 रुपयेच राहिला. 200 ग्रॅमचं पाकीट 200 रुपयांना म्हणजे ग्रॅमला 1.00 रुपया. मी कुडाळच्या एका दुकानात सहज पाकीट उलटं करून बघितलं म्हणून सापडलं. उरलेली तीनशे चाळीस लेबलं तुम्हाला टाकून द्यावी लागली. प्रेसवाल्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी बसलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं.

म्हणून विचारतोय: दर वेळी नवा भाव ठरवण्यापेक्षा 1 फेब्रुवारी 2026 पासून 31 जानेवारी 2027 पर्यंत वर्षाच्या बोलीवर काम करूया का?

तुमच्या बोलण्यातून यंदा काय काय येणार ते मी असं धरलंय. आंबापोळी आणि फणसपोळी, दोन्ही दोन-दोन मापांत, शिवाय आमसुलं आणि कुळीथ पीठ, अशी सहा नवी लेबलं. जुन्या लेबलांत पंधराएक किरकोळ बदल. दिवाळीचा भेटीचा बॉक्स. प्रदर्शनाचे दोन बॅनर. महिन्याला दोन, म्हणजे वर्षाला चोवीस चित्रं फोनवर टाकायला. माझ्या नेहमीच्या दरानं सुटं सुटं केलं तर हिशेब असा बसतो:

सहा नवी लेबलं, 3,000 प्रमाणे: 18,000
पंधरा बदल, 500 प्रमाणे: 7,500
दिवाळीचा बॉक्स: 7,000
दोन बॅनर, 2,500 प्रमाणे: 5,000
चोवीस चित्रं, 400 प्रमाणे: 9,600
एकूण: 47,100 रुपये

हे सगळं मी वर्षाचे 39,000 रुपये घेऊन करीन. बदल पंधराचे वीस झाले तरी मोजणार नाही; त्यातच माझा खरा हेतू आहे, की भाव, पत्ता, माप, काहीही बदलायचं झालं तर तुम्ही बिनधास्त फोन करावा आणि माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही लेबल छापायला जाऊ नये. घटक उतरत्या प्रमाणात आहेत का, हिरवं चिन्ह, परवान्याचा चौदा आकडी नंबर, तक्रारीसाठीचा फोन, दर ग्रॅमचा भाव, हे सगळं दर वेळी मी तपासून देईन. परवान्याचं नूतनीकरण किंवा कायदेशीर सल्ला मात्र माझ्याकडे नाही, तो तुमच्या सल्लागाराकडेच.

छपाईचा खर्च यात धरलेला नाही, तो थेट प्रेसला. फोटोही नाहीत. सहाच्या वर नवं लेबल लागलं तर 2,500 रुपयांना एक.

पैशाचं म्हणाल तर महिन्याच्या महिन्याला मागणार नाही. तुमच्याकडे पावसात पर्यटक नसतात, त्या तीन महिन्यांत हप्ता भरायला लावणं बरोबर नाही. सुरुवातीला 9,000, आंब्याचा आणि सुट्टीचा हंगाम आटोपला की 31 मेपर्यंत 18,000, आणि दिवाळीची वसुली झाल्यावर 20 नोव्हेंबरला उरलेले 12,000. जून ते ऑगस्ट काहीच नाही.

यात माझाही स्वार्थ आहे, तो लपवत नाही. वर्षाचे तीन-चार गिऱ्हाईक आधी पक्के असले की पुढच्या महिन्याचं भाडं कुठून येईल ही चिंता जाते, आणि ऐन हंगामात तुमचं काम मागे ठेवून दुसऱ्याचं धरावं लागत नाही. किरकोळ बदल दोन दिवसांत, नवं लेबल आठ दिवसांत, असा शब्द मी त्यामुळेच देऊ शकतो. गणपतीचे पाच दिवस तेवढे सोडून. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, म्हणून दिवाळीच्या बॉक्सचं आपण ऑगस्टातच पक्कं करूया. प्रेसवाल्याची रांग तुम्हाला माहीतच आहे.

एक गोष्ट नीट बघा. आंबापोळी-फणसपोळी पुढच्या वर्षावर ढकलायची असेल आणि बॉक्सही नको असेल, तर सुट्या कामाचा हिशेब 28,100 वरच थांबतो. मग ही बोली तुमच्या फायद्याची नाही, आहे तसंच चालू ठेवूया. मला काही वाटणार नाही. भाऊंशी बोलून यंदा पोळ्या नक्की घालणार का, तेवढं आधी ठरवा.

करायचंच ठरलं तर पहिले तीन महिने बघून घ्या. पटलं नाही तर एप्रिलअखेर सांगा. झालेल्या कामाचा वरच्या दरानं हिशेब करू. कमी-जास्त जे निघेल ते द्यायचं-घ्यायचं. लेबलांच्या मूळ फाइली तेव्हाही तुमच्याच, पेनड्राइव्हवर देईन. न वापरलेल्या नव्या लेबलांपैकी दोन पुढच्या वर्षात चालतील, बाकी नाही.

शनिवारी मी मालवणला बाजाराला येतोय. अकराच्या सुमारास घरी डोकावतो, दोन पानांचा करार छापून आणतो. तोवर आंबापोळीची मापं ठरली असतील तर पाकिटाची लांबी-रुंदी पट्टीनं मोजून ठेवा, मागच्या वेळी अंदाजानं घेतली आणि कडेचा अर्धा सेंटीमीटर शिलाईत गेला.

आपला,
निखिल