आंबा पॅकिंग शेड, देवगड: नवीन माणसांसाठी कामाची यादी

मुकादम काकांनी मार्चमध्ये शेडमध्ये जे शिकवलं, त्याचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग १ तास ५२ मिनिटांचं आहे. त्यातली २० मिनिटं गेल्या वर्षीच्या भावावर आणि माकडांवर गेली, ती मी काढली. बाकी कामाच्या क्रमाने लावलंय. कंसातली वेळ रेकॉर्डिंगमधली. अडलं तर तिथून ऐका.

१. शेडमध्ये शिरण्याआधी नखं कापलेली हवीत. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. हात साबणाने धुवा. तंबाखू बाहेर. (०:०४)

२. क्रेट उतरवताना दोघांनी धरायचा, जमिनीवर आपटायचा नाही. रिकामा क्रेटसुद्धा नाही, सवय लागते. आलेला माल लगेच सावलीत घ्या. कातळावर, उन्हात पाच मिनिटंही ठेवू नका. तापलेल्या फळात साका होतो, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होतो, आणि तो बाहेरून दिसत नाही, गिऱ्हाइकाने कापल्यावरच कळतो. (०:११)

३. तयारी बघा. खांदे भरलेले, देठाजवळ खळगा पडलेला आणि गर्द हिरवा रंग जाऊन फिकट आलेला, म्हणजे फळ चौदा आणे तयार. दहा-बारा आण्याचं फळ वेगळ्या क्रेटमध्ये टाका. पहिले आठ दिवस तुम्ही स्वतः ठरवायचं नाही. संशय आला की फळ हातात घेऊन काकांकडे जा. ते रागावत नाहीत. न विचारता पेटीत भरलं तर मात्र रागावतात. (०:१९)

४. देठ आणि डाख, म्हणजे देठातून गळणारा चीक. इथे रेकॉर्डिंगमध्ये गोंधळ आहे, म्हणून नीट वाचा. ०:३४ ला काका म्हणतात, "डाख पुसून टाका." ०:५१ ला म्हणतात, "फडका लावू नका." मी नंतर विचारलं. खरं असं: देठ बोटाच्या पेराएवढा ठेवूनच फळ येतं, तो मोडू नका. मोडलाच तर देठाची बाजू खाली करून फळ धरा, डाख सालीवर न ओघळता खाली गळू द्या, मग लगेच पाण्याने धुवा. कोरड्या फडक्याने पुसलं की डाख सालीवर पसरतो आणि दोन दिवसांत काळा डाग उमटतो. डोळ्यात डाख गेला तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा.

५. निवड. फळमाशीचा टोचा, फुटलेलं, चेपलेलं, करप्याचे ठिपके असलेलं फळ बाजूला काढा. चेपलेलं ओळखणं सगळ्यात अवघड, कारण आज काहीच दिसत नाही. काकांचं वाक्य तसंच ठेवतो: "आंबो आज बोलणा नाय, चार दिसांनी पेटीतसून ओरडता." म्हणून फळ तळहातावर घ्या, मुठीत आवळू नका. (०:४६)

६. गरम पाणी ५२ अंश, १० मिनिटं. काका हात बुडवून अंदाज घेतात. तुम्ही थर्मामीटर वापरा. त्यांचा हात चाळीस वर्षांचा आहे. बाहेर काढलेलं फळ पंख्याखाली पूर्ण सुकवा. ओलं फळ पेटीत गेलं की कुजतं आणि शेजारच्यालाही नेतं. (१:०२)

७. आकार लावताना काट्यावर वजन करा. मोठं फळ ४ डझनाच्या पेटीत, लहान ६ किंवा ७ डझनाच्या. एका पेटीत एकाच आकाराचं फळ. वर मोठी आणि खाली बारकी लावणं आमच्याकडे चालत नाही.

८. भरणी. तळाला कोरडं गवत, मग फळांचा थर, पुन्हा गवत. गवत ओलं किंवा वासाचं असेल तर वापरू नका. पेटीची हवेची भोकं बुजवू नका. ५ डझन म्हणजे ६०: दोनदा मोजा, दुसऱ्यांदा दुसऱ्याने. पिकवण्यासाठी कार्बाइडची पुडी पेटीत टाकणं कायद्याने बंद आहे. कोणी आणून दिली तरी घेऊ नका, लगेच मला सांगा. (१:१५)

९. चिठ्ठीवर तोडणीची तारीख, डझन आणि बागेचा नंबर लिहा. हापूसच्या भौगोलिक मानांकनाचा शिक्का मी स्वतः मारतो.

१०. वाशीची गाडी रात्री ८ ला सुटते, साडेसातपर्यंत पेट्या दारात हव्यात. जड पेटी खाली, हलकी वर. पेटीवर बसू नका, बसायला खुर्ची वेगळी आहे. राहिलेलं फळ शेडच्या उत्तर भिंतीकडे, तारखेप्रमाणे. पहिल्या आठवड्यात भरलेल्या पेट्यांवर तुमचं नाव पेन्सिलने लिहा, तक्रार आली तर ती पेटी आपण एकत्र उघडून बघू.