लेकीचा हिस्सा: जुम्म्याच्या खुतब्याआधीचा बयान

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुह.

वडीलधाऱ्यांनो, भावांनो, वरच्या मजल्यावर बसलेल्या बहिणींनो, पुढच्या आठवड्यात शाळा उघडतायत. घराघरांत फी आणि वह्या-पुस्तकांचा हिशेब चाललाय. म्हणून आज मुलींविषयी बोलू.

सूरह नहलच्या 58 आणि 59 या आयतींत अल्लाहने एका बापाचा चेहरा दाखवलाय. मुलगी झाल्याची खबर येते, त्याचं तोंड काळवंडतं, तो आतल्या आत घुसमटतो आणि लोकांपासून लपत फिरतो. हिला अपमान सोसून ठेवू की मातीत पुरू, असा त्याचा विचार. त्या खबरीला कुरआनमध्ये शब्द आहे ‘बुश्शिरा’, म्हणजे खुशखबर दिली गेली. अल्लाहच्या लेखी ती खुशखबर आहे. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की ‘असू दे, पहिली बेटी धनाची पेटी’ अशी समजूत घालतात. समजूत कसली घालता? कोणी गेलंय का?

सूरह शूराच्या 49 व्या आयतीत अल्लाह ज्याला हवं त्याला मुली देतो आणि ज्याला हवं त्याला मुलगे देतो, असं आहे. तिथं मुलींचं नाव आधी आलंय.

पैगंबर (स.) आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढवत. सजद्याला जाताना खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत ही हदीस आहे. हजरत फातिमा (रजि.) आल्या की ते उठून उभे राहत, त्यांचा हात धरून आपल्या जागेवर बसवत.

माया तर आपणही करतो. गाडी अडते ती वाटणीपाशी.

हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांना त्यांच्या वडिलांनी एक गुलाम भेट दिला. आई अम्रा म्हणाल्या, पैगंबरांना (स.) साक्षी ठेवल्याशिवाय मला हे मान्य नाही. पैगंबरांनी (स.) एकच प्रश्न विचारला: सगळ्या मुलांना असंच दिलंय का? उत्तर आलं, नाही. तेव्हा ते म्हणाले, अल्लाहला भ्या आणि आपल्या मुलांमध्ये न्याय करा. वडिलांनी भेट परत घेतली. मूळ शब्द ‘औलाद’ आहे, त्यात मुलगी आलीच. आपल्या शाफई मजहबात हयातीत दिलेल्या भेटीत मुलगा-मुलगी सारखेच. मुलाला बाईक घेतली तर मुलीच्या नावावर काय ठेवलं, हे आज घरी जाऊन बघा. गरजेचा खर्च वेगळा. एकाला चष्मा लागला म्हणून दुसऱ्याला चष्मा घ्यायचा नसतो. पण मुलाच्या क्लासला पैसे आणि मुलीला ‘बारावी पुरे’, ही गरज नव्हे, निवड आहे.

आता विरासत. सूरह निसाच्या 11 व्या आयतीनुसार मुलाला दोन वाटे, मुलीला एक. कारण बायको-मुलांचा खर्च मुलावर फर्ज आहे, मुलीचा हिस्सा आणि मेहर मात्र तिच्या एकटीचा. हिशेब असा करा: दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत. उरले समजा 32 लाख. मयताचे आईवडील हयात नाहीत. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. बायकोला आठवा हिस्सा, 4 लाख. राहिलेल्या 28 लाखांचे चार वाटे: मुलाला 14, प्रत्येक मुलीला 7.

अर्धा हिस्सा म्हणून लोक वाद घालतात, पण आपल्याकडे तो अर्धाही पोचत नाही. चाळिसावा झाला की सातबाऱ्यावर वारसनोंद होते, भाऊ कागद पुढे करतो आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. रक्कम तिला सांगितलेली नसते. ‘माहेर तुटेल’ ही भीती तिच्या मनात असते. ही राजीखुशी नव्हे. आधी सगळ्या मालमत्तेची यादी करा, किंमत लिहा, तिचा हिस्सा तिच्या ताब्यात द्या. नंतर तिला भावाला द्यायचा असेल तर ती देईल. आणि ‘लग्नात खर्च केला की’ हे उत्तर चालत नाही. लग्नाचा खर्च विरासतीतून वजा होत नाही.

राहिलं घरकाम. पैगंबर (स.) घरात काय करत, असं हजरत आयेशांना (रजि.) विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामात असत, नमाजची वेळ झाली की निघत. तेव्हा दस्तरखान उचलणं आणि ताटं घासणं हे मुलीचंच काम, असं तुमच्या मुलाला कोणी शिकवलं, ते शोधा.

ज्यांच्या घरी वाटणी रखडली आहे त्यांनी नमाजनंतर थांबा, कागद घेऊन बसू. अजान होतेय, सुन्नत पढून घ्या.