विषय: जॉइनिंग झालं, आणि तुमचे मनापासून आभार

नमस्कार शुभांगी मॅडम,

सोमवारी जॉइन झाले. त्या दिवशी दोन ओळींचा मेसेज टाकला होता, पण गेल्या अडीच महिन्यांत तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. आज पहिली सुट्टी मिळाली म्हणून सकाळीच लिहायला बसले.

एप्रिलमध्ये तुमचा पहिला फोन आला तेव्हा मी फार तुटक बोलले होते. त्याचं कारण आज सांगते. त्याआधी एका ठिकाणी माझे तीन राउंड झाले होते. "कळवतो" म्हणाले आणि त्यानंतर कोणी फोनच उचलला नाही. वर घरात बाबांना वाटत होतं की नोकरी लावून देतो म्हणणारे शेवटी पैसे मागतात. तुम्ही मात्र मी न विचारताच सांगितलंत, "आमची फी कंपनी देते, उमेदवाराकडून आम्ही एक रुपयाही घेत नाही. कोणी माझं नाव सांगून मागितले तर देऊ नका." फोन स्पीकरवर होता. बाबांनी काठी बाजूला ठेवली आणि मला खुणेनं म्हणाले, बोल.

माझ्या रिझ्युमेतला दोन वर्षं आठ महिन्यांचा गॅप मी शेवटच्या पानावर, "कौटुंबिक कारण" एवढंच लिहून ठेवला होता. तुम्ही तो पहिल्या पानावर घ्यायला लावलात: वडिलांना अर्धांगवायू, पूर्णवेळ देखभाल, आता कामासाठी उपलब्ध. लपवलं तर ते शोधतील, लिहिलं तर एकदा विचारून पुढे जातील, असं तुम्ही म्हणालात आणि तसंच झालं. त्याबद्दल एकच प्रश्न आला आणि मी मान वर ठेवून उत्तर दिलं. त्याहून उपयोगी पडलं ते तुमचं दुसरं वाक्य: "तुम्ही घरी होतात त्या काळात तुमच्या क्षेत्रात काय बदललं, तेवढं वाचून जा." मी औषध कारखान्यांच्या नियमांचं सुधारित शेड्यूल एम काढून बसले. टेक्निकल राउंडमध्ये दुसराच प्रश्न त्यावर होता. फार्मास्युटिकल क्वालिटी सिस्टीम आणि क्वालिटी रिस्क मॅनेजमेंट ही प्रकरणं त्यात आली आहेत आणि लॅबच्या रोजच्या कामात त्यानं काय फरक पडतो, हे मी सांगू शकले. विचारणाऱ्या सरांनी पेन खाली ठेवून ऐकलं.

पण मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते त्या रविवारच्या सरावाबद्दल. चाळीस मिनिटं तुम्ही फोनवर माझा इंटरव्ह्यू घेतलात. जुन्या लॅबमधल्या एका ओओएसची, म्हणजे मर्यादेबाहेर आलेल्या रिझल्टची, गोष्ट मी सांगत होते. आम्ही तपासणी केली, आम्ही क्यूएला कळवलं, आम्हाला कारण सापडलं. तुम्ही मध्येच थांबवलंत: "अश्विनी, हे छानच आहे. पण यातलं तुम्ही काय केलंत?"

मला उत्तरच सुचेना. मॅडम, खरं सांगायचं तर तोपर्यंत माझ्याही लक्षात नव्हतं की ते कारण मी शोधलं होतं. गोळीतल्या औषधाचा अ‍ॅसे कमी आला तेव्हा सगळ्यांचा संशय एचपीएलसीच्या कॉलमवर होता. मी वर्कशीट आणि सॉनिकेटरचं लॉगबुक शेजारी ठेवून पाहिलं. मेथडमध्ये पंधरा मिनिटं सॉनिकेशन होतं आणि लॉगबुकमध्ये पाचच मिनिटांची नोंद होती. औषध गोळीतून पूर्ण सुटलंच नव्हतं. सॅम्पल सोल्युशन ठेवलेलं होतं, म्हणून तेच पुन्हा सॉनिकेट करून पाहता आलं आणि आकडा जागेवर आला. हे सगळं मी तुम्हाला अडखळत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "आता हेच पुन्हा सांगा, आणि प्रत्येक वाक्य 'मी'नं सुरू करा." तीनदा सांगायला लावलंत. पहिल्यांदा मला बढाई मारल्यासारखं वाटत होतं, तिसऱ्यांदा मात्र ते फक्त खरं वाटलं.

इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं, रिझल्ट बाहेर आला तर लगेच पुन्हा टेस्ट लावाल का? मी म्हणाले, नाही. सोल्युशन्स टाकणार नाही, सुपरवायझरला कळवेन आणि आधी लॅबमधली चूक शोधेन. आणि मग ही गोष्ट सांगितली. एकदाही 'आम्ही' आलं नाही.

फायनलच्या दिवशी नवतपा चालू होता. प्रजापती नगरहून मेट्रोनं निघा, सीताबर्डीला गाडी बदलून खापरीला उतरा, मिहानच्या गेटवर पास बनायला वेळ लागतो म्हणून तासभर आधी पोहोचा, मोबाइल गेटवरच ठेवून घेतील तेव्हा सगळे कागद छापून न्या. हे तुम्ही आदल्या रात्री लिहून पाठवलं होतं. माझ्या पुढचा एक मुलगा सर्टिफिकेटं मोबाइलमध्ये घेऊन आला होता. त्याची उडालेली धांदल पाहिली आणि तुमचा मेसेज किती मोलाचा होता ते कळलं.

त्यानंतरचे एकोणीस दिवस तर मी तुमच्या शुक्रवारच्या फोनवरच काढले. "अजून काही नाही, मंजुरी वरती अडकली आहे, नकार आलेला नाही." सांगायला काही नसतानाही तुम्ही फोन करत होतात. तेवढ्यावर घरात आई-बाबा दोघंही शांत झोपायचे.

पगाराच्या वेळी मी जुन्या आकड्यावर थोडेसे वाढवून मागणार होते. तुम्ही अडवलंत, त्या पदासाठी कंपनीची तयारी किती आहे ते सांगितलंत आणि सीटीसीत कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी धरलेली असते म्हणून हातात किती येईल ते ओळीओळीनं समजावलंत. या पगारात बाबांची फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदाऐवजी चारदा करता येणार आहे. व्हेरिफिकेशनमध्ये माझी जुनी लॅब बंद पडलेली, रिलीव्हिंग लेटर मिळण्याची शक्यता नाही, तेव्हा मी आशाच सोडली होती. पीएफची सर्व्हिस हिस्टरी, फॉर्म 26एएस आणि पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट हे तुम्ही सुचवलंत आणि एचआरशी स्वतः बोललात. चार दिवसांत काम झालं.

सध्या ट्रेनिंग चालू आहे, एसओपी वाचून सह्या करणं. गुरुवारी पहिल्यांदा एचपीएलसीसमोर उभी राहिले. पंपाचा तो बारीक आवाज ऐकला आणि हात आपोआप मोबाइल फेजच्या बाटलीवरचं लेबल तपासायला गेला. बाकी हळूहळू येईल.

आईनं संत्रा बर्फी काढून ठेवली आहे. पुढच्या शनिवारी तुमच्या ऑफिसला येऊन देईन म्हणते, दुपारी तुम्ही असाल ना? आणि एक विनंती. माझी एक मैत्रीण मायक्रोबायोलॉजीत आहे, बाळंतपणानंतर चार वर्षं घरी होती. तुमची हरकत नसेल तर तिला तुमचा नंबर देते. गॅप पहिल्या पानावर लिहायला मी तिला सांगितलंच आहे.

आपली,
अश्विनी